कॉन्टॅक्टरची ऑर्डर आज सोडायची की पुढच्या आठवड्यात? एमआरपीच्या आकडेमोडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंधेरी एमआयडीसी, साकीनाका, भांडुप, कांदिवली इथल्या गाळ्यांमध्ये प्लॅनिंग आणि स्टोअर सांभाळणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एमआरपी म्हणजे मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, कोणता माल किती आणि कधी मागवायचा याचा हिशोब. सगळीकडे उदाहरण एकच आहे: हाउसिंग सोसायटीच्या दोन पंपांसाठी लागणारा स्टार्टर पॅनेल. एका पॅनेलमध्ये दोन कॉन्टॅक्टर, म्हणजे पंप चालू-बंद करणारे विजेचे स्विच, बसतात, प्रत्येक पंपाला एक. पॅनेलमध्ये रिले, टर्मिनल, लॅम्प, पेटी असं बरंच काही असतं, पण हिशोब समजायला कॉन्टॅक्टर पुरेसा आहे. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. हिशोबाची पद्धत मात्र कुठल्याही ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये हीच असते.

एमआरपी नेमकं काय करतं?

चार गोष्टी विचारतं. किती लागणार आणि कधी? हातात किती आहे? आधीच मागवलेलं किती, कधी येतंय? आणि उरलेलं मिळायला किती वेळ लागतो? पहिल्या तीन उत्तरांतून किती कमी पडेल ते कळतं. चौथ्यामुळे ऑर्डर कधी सोडायची ते कळतं. बेरीज-वजाबाकीपलीकडे यात काही नाही. चूक होते ती गणितात नाही, त्यात भरलेल्या आकड्यांत, म्हणून खालची बरीचशी उत्तरं त्या आकड्यांबद्दलच आहेत.

आमच्याकडे रीऑर्डर लेव्हल लावलेली आहे. तीच का चालत नाही?

साठा ठरावीक आकड्याखाली गेला की मागवायचं, ही पद्धत स्क्रू, लग, इन्सुलेशन टेप यांना चालते, खुशाल ठेवा. कॉन्टॅक्टरला चालत नाही, कारण त्याची मागणी बाजारातून थेट येत नाही, पॅनेलच्या जॉबमधून येते आणि मधूनमधून एकदम मोठ्या आकड्यांत येते. पुढच्या उदाहरणात सहा आठवड्यांत कॉन्टॅक्टर असे लागतात: ०, ०, ४०, १०, ६०, ०. सरासरी काढली तर आठवड्याला साधारण १८. पण १८ नग लागले असा एकही आठवडा यात नाही. त्या सरासरीवर लेव्हल ठरवली तर पहिले दोन आठवडे माल नुसता पडून राहतो आणि पाचव्या आठवड्यात अपुरा पडतो.

एका वस्तूची मागणी दुसऱ्या वस्तूच्या उत्पादनावर अवलंबून असेल तर तिचा अंदाज बांधायचा नाही, ती मोजायची. हा भेद जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत ठामपणे मांडला आणि एमआरपी त्यावरच उभं आहे. पॅनेल किती विकले जातील याचा अंदाज करावा लागेल. पण ३० पॅनेल करायचे ठरले की ६० कॉन्टॅक्टर लागणार, त्यात अंदाजाला जागा नाही.

पॅनेलपासून सुरुवात करून हिशोब दाखवाल का?

समजा आज सोमवार आहे, आठवडा पहिला. तयार पॅनेल २० आहेत. ३० पॅनेलचा एक जॉब चालू आहे, तो दुसऱ्या आठवड्यात मिळेल. पॅनेल जोडायला आणि तपासायला एक आठवडा लागतो. जेवढे लागतील तेवढेच बनवायचे, जास्तीचे नाहीत.

| आठवडा | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|
| एकूण गरज | १० | १५ | २० | २५ | ० | ३० |
| ठरलेली आवक | ० | ३० | ० | ० | ० | ० |
| अखेरचा साठा | १० | २५ | ५ | ० | ० | ० |
| निव्वळ गरज | ० | ० | ० | २० | ० | ३० |
| जॉब सोडायचा | ० | ० | २० | ० | ३० | ० |

डावीकडून उजवीकडे वाचा. २० मधून १० गेले, १० उरले. दुसऱ्या आठवड्यात ३० आले, १५ गेले, २५ राहिले. तिसऱ्यात २० गेले, ५ उरले. चौथ्यात २५ हवेत आणि हातात ५ आहेत, म्हणजे २० कमी. हीच निव्वळ गरज. ते २० चौथ्या आठवड्यात हवेत तर जॉब तिसऱ्यात सुरू व्हायला हवा. सहाव्या आठवड्यातले ३० तसेच पाचव्यात सोडायचे.

गरज दिसली म्हणून जॉब लगेच सोडायचा नाही, हेही यातून कळतं. आजच ५० पॅनेल करायला घेतले तर पैसा अडकतो, आणि आपल्या गाळ्यांत त्याहून आधी जागा अडकते.

आता कॉन्टॅक्टरकडे कसं यायचं?

पॅनेलच्या तक्त्यातली शेवटची ओळ उचलायची आणि दोनने गुणायची. इथे बरेच जण घसरतात. ते निव्वळ गरजेची ओळ उचलतात. पॅनेल चौथ्या आठवड्यात हवेत म्हणून कॉन्टॅक्टरही चौथ्यात, असं धरतात. पण कॉन्टॅक्टर लागतो तो जोडणी सुरू होताना, म्हणजे जॉब सोडण्याच्या आठवड्यात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात ४० आणि पाचव्यात ६०. शिवाय मेंटेनन्स करणाऱ्या एका कंत्राटदाराला चौथ्या आठवड्यात १० कॉन्टॅक्टर सुटे द्यायचे आहेत. ते पॅनेलमधून येत नाहीत, एकूण गरजेत वेगळे धरायचे.

हातात मोकळे ३५ आहेत. २० नगांचा एक पीओ, म्हणजे विक्रेत्याला दिलेली खरेदीची ऑर्डर, उघडा आहे, तो माल दुसऱ्या आठवड्यात येईल. सेफ्टी स्टॉक १०. विक्रेत्याचा लीड टाइम तीन आठवडे आणि तो २० नगांचा कार्टन फोडत नाही.

| आठवडा | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|
| एकूण गरज | ० | ० | ४० | १० | ६० | ० |
| ठरलेली आवक | ० | २० | ० | ० | ० | ० |
| निव्वळ गरज | ० | ० | ० | ५ | ४५ | ० |
| नियोजित आवक | ० | ० | ० | २० | ६० | ० |
| अखेरचा साठा | ३५ | ५५ | १५ | २५ | २५ | २५ |
| ऑर्डर सोडायची | २० | ६० | ० | ० | ० | ० |

तिसऱ्या आठवड्याअखेर १५ उरतात, सेफ्टी स्टॉकपेक्षा जास्त, म्हणून सिस्टीम गप्प. चौथ्यात १० गेले की ५ राहतात, ते १० च्या खाली. पाच कमी, म्हणून एक कार्टन. पाचव्यात २५ हातात असताना ६० हवेत आणि शिवाय १० राखायचे आहेत, म्हणजे ४५ कमी, म्हणून तीन कार्टन. तीन आठवडे मागे मोजलं की एक ऑर्डर आज सोडायची आणि दुसरी पुढच्या सोमवारी.

आज जी २० ची ऑर्डर सोडायला सांगितली, ती खरंच एवढी तातडीची आहे?

नाही, आणि हे ओळखता यायला हवं. चौथ्या आठवड्यात कोणाचाही माल अडत नाहीये. कंत्राटदाराचे १० जातात, तरी ५ उरतात. ही ऑर्डर आली ती फक्त सेफ्टी स्टॉक १० ठेवायचा असं आपण सांगून ठेवलंय म्हणून. सिस्टीमच्या लेखी सेफ्टी स्टॉकला हात लावणं आणि गिऱ्हाइकाचा माल अडणं यात फरक नाही, दोन्हीकडे निव्वळ गरज सारखीच दिसते. पैशाची ओढ असेल तर ही ऑर्डर पुढच्या सोमवारच्या ६० बरोबर लावली तरी चालेल.

तेव्हा सेफ्टी स्टॉक प्रत्येक पातळीवर वाढवून ठेवू नका. पॅनेलला थोडा, कॉन्टॅक्टरला थोडा, रिलेला थोडा असं करत गेलात की अर्ध्याहून जास्त सूचना रॅकवरच्या मालाला वाचवण्यासाठीच येऊ लागतात आणि खरी तातडी त्यात हरवते.

ठरलेली आवक आणि नियोजित आवक या दोन वेगळ्या ओळी कशाला? दोन्ही येणारच आहेत ना?

ठरलेली आवक म्हणजे पीओ गेला आहे किंवा जॉब कार्ड निघालं आहे. त्यामागे विक्रेत्याचा किंवा शॉपचा, म्हणजे आपल्या जोडणी विभागाचा, शब्द आहे. नियोजित आवक ही सिस्टीमची नुसती सूचना. दर वेळी एमआरपी चालवलं की सिस्टीम जुन्या सूचना पुसून नव्या मांडते, पण ठरलेल्या आवकेला हात लावत नाही. ती तारीख तुम्ही दिलेली, ती खरी, असं मानून पुढचं सगळं गणित त्यावर रचते. हा भरवसा आंधळा असतो, त्यामुळे सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका याच ओळीत सापडतात.

उघडा पीओ खोटा असेल तर काय होतं?

वरच्या तक्त्यातला दुसऱ्या आठवड्यातला २० चा पीओ घ्या. समजा तो माल कधीच येणार नाहीये. विक्रेत्याने मागच्या खेपेला १०० पैकी ८० दिले, "बाकीचे सोडा" असं फोनवर सांगितलं, पर्चेसने मान डोलावली. पण पीओ शॉर्ट-क्लोज करायचा राहून गेला. सिस्टीममध्ये २० शिल्लक दिसत राहतात.

ते २० काढून हिशोब करा. तिसऱ्या आठवड्यात ४० हवेत, हातात ३५. ऑर्डर मागच्याच आठवड्यात जायला हवी होती. २० पॅनेलच्या जॉबमध्ये १७ होतील आणि तीन अर्धवट राहतील. सिस्टीमने इशारा दिला नाही, कारण तिच्या लेखी सगळं ठीक होतं.

मग धावपळ होते. कोणीतरी लोहार चाळीत जाऊन रोखीने २० कॉन्टॅक्टर घेऊन येतं, भाव वरचा. स्टोअर तो माल पीओशिवाय इनवर्ड करतं. आता स्टॉकमध्ये २० वाढले आणि जुन्या पीओवरचे २० अजून उघडेच आहेत, म्हणजे तेच २० नग दोनदा मोजले गेले. पुढच्या रनला सिस्टीम आणखी निवांत होते. ज्या तुटवड्यामुळे धावावं लागलं, त्याच धावण्याने पुढचा तुटवडा झाकला जातो.

ओळखायचं कसं? उघड्या पीओंची यादी देय तारखेप्रमाणे लावा. ज्यांची तारीख उलटून गेली आहे तेवढेच आधी बघा. तारीख गेलेला आणि माल न आलेला प्रत्येक पीओ सिस्टीम "आज-उद्या येईल" असंच धरून चालते. त्यातल्या प्रत्येकाला नवी खरी तारीख द्या, नाहीतर बंद करा. शिल्लक नग छोटे आणि गोल नसलेले दिसले, उदाहरणार्थ ५०० पैकी ७, तर बहुतेक ते मेलेलेच असतात.

हातातला साठा म्हणजे रॅकवर मोजला तोच ना?

नाही. वर मी "मोकळे ३५" म्हटलं, त्यातला "मोकळे" हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिल्या सोमवारी सकाळी रॅकवर ९५ कॉन्टॅक्टर असू शकतात. पण ३० पॅनेलचा जो जॉब चालू आहे त्याला ६० लागणार आहेत. जॉब सोडला, माल अजून शॉपला दिला नाही, तर ते ६० रॅकवरच असतात पण तुमचे नसतात. ९५ वजा ६०, उरले ३५.

हे राखीव नग वजा झाले नाहीत तर बघा काय होतं. ९५ धरून गणित केलं की दुसऱ्या आठवड्याअखेर ११५, तिसऱ्यात ७५, चौथ्यात ६५, पाचव्यात ५. आज काहीच सोडू नका आणि पुढच्या सोमवारी फक्त एक कार्टन मागवा, असं सिस्टीम सांगते. खरं तर एकूण ८० मागवायला हवे होते.

बॅकफ्लश लावलेला असेल, म्हणजे पॅनेल तयार झाल्याची नोंद झाल्यावरच माल एकदम वजा होत असेल, तर ही चूक जास्त दिवस लपते. तयार पॅनेलची नोंद दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर झाली तर खरा आकडा तिसऱ्या सोमवारी दिसतो. तोवर तीन कार्टनची ऑर्डर सोडायचा आठवडा निघून गेलेला. पाचव्या आठवड्यात ३५ नग कमी पडतात, हातातल्या २५ मध्ये ३० पैकी १२ पॅनेल होतात.

म्हणून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जॉब सोडला की त्याचा माल राखीव होतो का, ते एका आयटमवर करून बघा. शॉपला माल देण्याआधी आणि दिल्यानंतर, दोन्ही वेळा मोकळा साठा सारखाच दिसला पाहिजे. देण्याआधी तो जास्त दिसत असेल तर राखीव नग मोजले जात नाहीत.

पावडर कोटिंगला वसईला पाठवलेल्या पेट्या कुठे धरायच्या?

त्या हिशोबाच्या वहीत तुमच्याच आहेत, पण उद्या सकाळी पॅनेलमध्ये बसणार नाहीत. त्यांना ठरलेली आवक म्हणून परतीच्या तारखेसह दाखवा. हातात धरलंत तर नेटिंग, म्हणजे गरजेतून साठा आणि आवक वजा करण्याचा हिशोब, त्यांना आजच वापरून टाकतं. इन्स्पेक्शनमध्ये अडकलेल्या मालालाही हाच नियम: सुटायची तारीख असेल तर आवक, नसेल तर शून्य.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आयटमसमोर एकच आकडा दिसतो: स्टॉक अधिक ऑर्डर वजा मागणी. हेच एमआरपी नाही का?

अर्धंच. आपल्या कॉन्टॅक्टरसाठी तो आकडा ३५ अधिक २० वजा ११०, म्हणजे उणे ५५. किती कमी पडेल ते कळलं. पण कधी, ते कळलं नाही. आज ५५ मागवायचे की टप्प्याने, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

त्याहून वाईट म्हणजे आकडा अधिक असतानाही मधे खड्डा असू शकतो. समजा सहाव्या आठवड्यात आणखी ८० यायचे आहेत. एकूण बेरीज अधिक २५ होते, सगळं हिरवं दिसतं, आणि पाचव्या आठवड्यात ५५ नगांअभावी शॉप बसून राहतं. तारखेप्रमाणे फोड नसेल तर ते नेटिंग फक्त वर्षअखेरीच्या स्टॉक स्टेटमेंटपुरतं कामाचं.

एक्सेलमध्ये करता येईल?

बीओएम, म्हणजे कशात काय किती बसतं ती यादी, एका-दोन पातळ्यांचं आणि आयटम शेदीडशे असतील तर नक्की येईल. सेफ्टी स्टॉक B1 मध्ये, सुरुवातीचा मोकळा साठा C6 मध्ये ठेवा. पहिला आठवडा D कॉलम. ओळ २ एकूण गरज, ३ ठरलेली आवक, ४ निव्वळ गरज, ५ नियोजित आवक, ६ अखेरचा साठा, ७ ऑर्डर सोडायची. D कॉलमची सूत्रं अशी, नंतर उजवीकडे ओढा:

```
D4: =MAX(0, D2+$B$1-C6-D3)
D5: =CEILING(D4, 20)
D6: =C6+D3+D5-D2
D7: =G5
```

D7 मध्ये G5 आहे कारण लीड टाइम तीन आठवडे, म्हणून तीन घरं पुढचं बघायचं. यात एक फट आहे. D5, E5, F5 यांत काही आकडा आला तर त्याची ऑर्डर सोडायची तारीख आजच्या मागे पडते आणि सातव्या ओळीत ती कुठेच दिसत नाही, शीटच्या डाव्या कडेवरून पडून जाते. तीच तर सगळ्यात तातडीची. एखाद्या वेगळ्या घरात `=SUM(D5:F5)` ठेवा आणि तो शून्याहून मोठा असला की लाल होऊ द्या.

बीओएमच्या कोणत्या पातळीवरून नेटिंग करायचं?

वरून खाली, आणि एखादा आयटम दोन-तीन ठिकाणी लागत असेल तर तो सगळ्यात खाली जिथे येतो त्या पातळीपर्यंत थांबायचं. टर्मिनल पॅनेललाही लागतं आणि पॅनेलमध्ये बसणाऱ्या कंट्रोल प्लेटलाही. पॅनेलपुरतं बघून त्याचं नेटिंग उरकलं तर स्टॉक तिथेच संपतो आणि प्लेटची गरज नंतर उगवते. सॉफ्टवेअर यासाठी प्रत्येक आयटमला लो-लेव्हल कोड देतं. एक्सेलमध्ये ते भान तुम्हालाच ठेवावं लागतं.

पीओ दिलेला आहे, पण तारीख उशिराची आहे. सिस्टीम नवी ऑर्डर सुचवण्याऐवजी जुनीच अलीकडे आणा का म्हणते?

समजा तो २० चा पीओ दुसऱ्याऐवजी सहाव्या आठवड्याचा आहे. तिसऱ्या आठवड्यात पाच कमी पडतात. नवी ऑर्डर दिली तर ती तीन आठवड्यांनी, म्हणजे चौथ्यात येणार, तीही उशिराच. शिवाय सहाव्यात जुने २० येतीलच, ते मग फाजील. म्हणून पहिला प्रयत्न जुना पीओ अलीकडे ओढण्याचा असतो, आणि तो योग्यच आहे. एसएपीमध्ये हे `MD04` च्या पडद्यावर अपवाद संदेश १० म्हणून दिसतं. १५ म्हणजे पुढे ढकला, २० म्हणजे रद्द करा.

अडचण इतकीच की सिस्टीमने मनात तो पीओ अलीकडे आणलेला असतो. तुम्ही संदेश वाचला नाही, विक्रेत्याला फोन केला नाही, तर तारीख तीच राहते आणि नवी ऑर्डरही निघालेली नसते. संदेश १५ आणि २० कडे तर कोणीच बघत नाही, कारण त्यांनी काम अडत नाही. पण रोख अडकते ती तिथेच.

तीन पॅनेल वाढले आणि सगळा प्लॅन लाल झाला. असं का?

हेच उदाहरण घ्या. चौथ्या आठवड्याची पॅनेलची मागणी २५ वरून २८ झाली. जॉब २० ऐवजी २३ चा, म्हणून तिसऱ्या आठवड्यात कॉन्टॅक्टर ४६ हवेत. ५५ मधून ४६ गेले, उरले ९. सेफ्टी स्टॉक १०. एक नग कमी, म्हणून एक पूर्ण कार्टन, आणि तो तिसऱ्या आठवड्यात हवा म्हणून ऑर्डर सोडायची तारीख मागच्या सोमवारची. आज सोडायची जी २० ची सूचना होती ती गायब होते आणि तिच्या जागी तारीख उलटलेली सूचना उभी राहते.

खरं काय अडलं? काहीच नाही. २० ची ऑर्डर आजच सोडली की ती चौथ्या आठवड्यात येते, ९ अधिक २० वजा १०, उरले १९. फक्त एक आठवडा सेफ्टी स्टॉक एकाने खाली गेला, तो ठेवलेलाच त्यासाठी होता.

यावर दोन उपाय. लीड टाइमच्या आतल्या ऑर्डरी फर्म करून ठेवा, म्हणजे सिस्टीम त्या स्वतःहून हलवणार नाही, फक्त सुचवेल. आणि जवळच्या दोन आठवड्यांतल्या पॅनेलच्या मागणीत बदल करायचा तर सेल्सने फोन करूनच करायचा. सिस्टीममध्ये परस्पर आकडा बदलायचा नाही.

लीड टाइम किती धरायचा? विक्रेता तीन आठवडे म्हणतो, येतं कधी कधी पाचात.

पाच धरू नका. सगळ्यांना पाच धरलं की सगळ्या ऑर्डरी दोन आठवडे आधी जातात आणि माल येऊन पडतो. मागच्या दहा-बारा खेपांच्या पीओच्या आणि गेट एंट्रीच्या तारखा काढा. बहुतेक वेळा साडेतीन आठवडे लागत असतील तर चार धरा. उशीर एखाददुसऱ्याच विक्रेत्याचा असेल तर त्याच आयटमला सेफ्टी टाइम द्या, म्हणजे माल हवा त्याच्या काही दिवस आधीची तारीख धरा. न्हावाशेवाला उतरणाऱ्या आयात मालाला तर सेफ्टी स्टॉकपेक्षा सेफ्टी टाइमच बरा, कारण तिथे नग कमी येत नाहीत, तारीख सरकते.

कॅलेंडरही बघा. गणपतीत निम्मं शॉप कोकणात असतं आणि कोटिंगवाल्याचंही तेच. दिवाळीत ट्रान्सपोर्ट थंडावतं. सिस्टीमच्या कॅलेंडरमध्ये त्या सुट्ट्या भरल्या नसतील तर ती त्या आठवड्यातही पूर्ण जोमाने काम झालं असं मानून तारखा काढते.

आठवड्यात २०० पॅनेल होत नाहीत, तरी सिस्टीम सुचवते. बिघाड आहे का?

नाही. एमआरपी मालाची तारीख बघतं, माणसांची आणि बेंचची क्षमता बघत नाही. ती तपासणी वेगळी करावी लागते, शक्यतो पॅनेलचं वेळापत्रक ठरतानाच.

किती दिवसांनी चालवायचं?

आठवड्याच्या खान्यांत प्लॅन करत असाल तर आठवड्याला एकदा, शनिवारच्या सगळ्या नोंदी पूर्ण झाल्यावर. रोज चालवायला हरकत नाही, पण रोज येणाऱ्या सूचनांवर रोज निर्णय घेणारं कोणी असेल तरच.

माल कमी पडणारच असेल तर कोणाचा थांबवायचा ते कसं कळेल?

पेगिंग बघा, म्हणजे गरज वर कुठून आली तो माग. तिसऱ्या आठवड्यातले ४० कॉन्टॅक्टर हे चौथ्या आठवड्यात द्यायच्या पॅनेलचे आहेत. चौथ्यातले १० कंत्राटदाराचे. पाचव्यातले ६० हे सहाव्या आठवड्यातल्या ३० पॅनेलचे. सिस्टीम तारखेच्या क्रमाने वाटत जाते, आधी मागेल त्याला आधी. पण ज्या सोसायटीचा जुना पॅनेल जळलाय आणि पाणी वर चढत नाहीये, तिची तारीख सिस्टीमच्या रांगेत कुठेही असली तरी निर्णय तुम्हाला घ्यायचाय. चौथ्या आठवड्यात ५ नगांची चणचण असेल तर कंत्राटदाराला विचारा, आत्ता पाच नेऊन उरलेले पुढच्या आठवड्यात चालतील का. चालतील म्हणाला तर त्याची ऑर्डर दोन तारखांत फोडून टाका आणि मगच पुन्हा रन करा, नाहीतर सिस्टीम त्या पाचांसाठी परत एक कार्टन मागेल.